तापाचा तिसरा दिवस आणि १:३२०: ठाण्यातल्या एका ‘टायफॉइड’चं प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण चोविशीतला तरुण, मूळचा सातारा जिल्ह्यातला. घोडबंदर रोडवरच्या एका बांधकामावर साइट सुपरवायझर होता आणि कळव्यात मावशीकडे राहायचा. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, तपासण्यांचे आकडे आणि त्यांचा क्रम तसाच ठेवला आहे.) ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ताप सुरू झाला. अंग दुखणं, डोकं जड, भूक नाही, एकदा उलटी. खोकला नाही, पुरळ नाही. पहिले दोन दिवस पॅरासिटामॉलवर काढले आणि तिसऱ्या दिवशी तो जवळच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेला.

पावसाळ्यात आमच्याकडे तापाचा पेशंट आला की बहुतेक ठिकाणी ‘फीव्हर प्रोफाइल’ लिहून दिलं जातं. एकदाच रक्त काढायचं आणि त्यातच सीबीसी, मलेरियाची स्मिअर म्हणजे काचेवर रक्त पसरून परजीवी शोधणं, डेंग्यूची एनएस-वन आणि टायफॉइडची विडाल उरकायची. संध्याकाळी रिपोर्ट आला तो असा: पांढऱ्या पेशी ४,२००, प्लेटलेट १ लाख १० हजार, मलेरियाचे परजीवी दिसले नाहीत, एनएस-वन निगेटिव्ह. शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत: विडाल पॉझिटिव्ह, टीओ १:१६०, टीएच १:३२०, एएच आणि बीएच १:२० पेक्षा कमी.

चार तपासण्यांपैकी मलेरिया आणि डेंग्यूच्या दोन ‘नाही’ म्हणत होत्या, सीबीसीवरून नेमकं निदान होत नव्हतं आणि एकच ‘हो’ म्हणत होती. डॉक्टरांनी टायफॉइड धरून सेफिक्झिम सुरू केलं. गर्दीच्या ओपीडीत असा रिपोर्ट हातात पडल्यावर बहुतेकांनी हेच केलं असतं, त्यामुळे त्या डॉक्टरांकडे बोट दाखवायचं कारण नाही. रिपोर्टातच एक विसंगती होती आणि आपल्या रिपोर्टांची मांडणी अशी असते की ती नजरेत भरत नाही. हे प्रकरण लिहिण्याचं कारण तेच.

अडचण

सेफिक्झिमचे तीन दिवस झाले तरी ताप हटेना. सहाव्या दिवशी थंडी वाजून ताप १०४ वर गेला तेव्हा घरचे घाबरले आणि त्याला एका नर्सिंग होममध्ये दाखल केलं. दाखल करतानाच्या कागदावर निदान लिहिलं गेलं ‘एंटेरिक फीव्हर’, म्हणजे टायफॉइडच. शिरेतून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन सुरू झालं.

इथे टायफॉइडचा एक स्वभाव आड आला. औषध अगदी बरोबर असलं तरी टायफॉइडचा ताप उतरायला चार-पाच दिवस, कधी आठवडाही लागतो. त्यामुळे ताप न उतरल्यानं कुणाला निदानाची शंका येत नाही. सगळे म्हणतात, टायफॉइडच आहे, वेळ लागणारच. मावशी तर म्हणाल्या, “याला अकरावीत असताना मुदतीचा ताप आला होता, तेव्हा पण अठरा दिवस लागले होते.” हे वाक्य वॉर्डात सगळ्यांनी ऐकलं आणि सगळ्यांना त्यातून टायफॉइडलाच दुजोरा मिळाल्यासारखं वाटलं. खरं तर त्याचा अर्थ उलट निघत होता. त्यावर पुढे येते.

आठव्या दिवशी प्लेटलेट ६८ हजारांवर आल्या आणि नर्सिंग होमच्या डॉक्टरांनी फिजिशियनना बोलावलं. त्यांनी फाइल चाळली आणि आमच्या लॅबला फोन केला. “मॅडम, विडाल परत लावायची आहे, पण ट्यूबवर. आणि पहिल्या लॅबकडे तिसऱ्या दिवसाचं सिरम शिल्लक असेल तर तेही मागवतो.”

टायटर म्हणजे काय आणि ते वाचतात कसं

विडाल ही तपासणी फ्रान्समधल्या फर्नांड विडाल यांनी १८९६ मध्ये मांडली. मूळ कल्पना साधी आहे. टायफॉइड झालेल्या माणसाच्या सिरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवात, त्या जंतूविरुद्धच्या अँटीबॉडी असतात. मारलेल्या जंतूंच्या द्रावणात, म्हणजे अँटीजेनमध्ये, ते सिरम मिसळलं की जंतू एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. जंतूच्या अंगावरचा भाग तो ‘ओ’, त्याच्या शेपटीसारख्या तंतूंचा भाग तो ‘एच’. एएच आणि बीएच ही पॅराटायफॉइडची भावंडं.

ट्यूबच्या पद्धतीत सिरम सलाइनमध्ये दर नळीला निम्मं पातळ करत नेतात: १:२०, १:४०, १:८०, १:१६०, १:३२०, १:६४०. शेवटच्या नळीत सिरम नसतंच, फक्त सलाइन आणि अँटीजेन असतं. ती कंट्रोल. प्रत्येकीत अँटीजेन घालून रॅक ३७ अंशांवर रात्रभर ठेवतो आणि सकाळी उजेडापुढे धरून वाचतो. कंट्रोलच्या नळीत जंतू तळाशी एका घट्ट ठिपक्यासारखे बसलेले दिसतात. ‘ओ’ची गुठळी झाली असेल तर तळावर दाणेदार, पसरलेला थर दिसतो आणि वरचं पाणी नितळ होतं. ‘एच’ची गुठळी सैल, पिंजलेल्या कापसासारखी, नळी जरा हलवली की वर उठते. ज्या सर्वांत पातळ नळीत डोळ्यांना गुठळी दिसते, तो टायटर. १:१६० म्हणजे १६० पट पातळ केल्यावरही गुठळी झाली, ३२० पटीला झाली नाही.

यातून निघणारी गोष्ट बहुतेक पेशंटना आणि काही डॉक्टरांनाही ठाऊक नसते. १:१६० आणि १:३२० यांत फरक फक्त एका नळीचा असतो. एकच सिरम दोनदा लावलं तरी एवढा फरक पडू शकतो. त्यामुळे एका नळीचा चढ-उतार चढ-उतार म्हणून धरत नाहीत. दोन नळ्यांचा फरक, म्हणजे चौपट वाढ, तीही एकाच लॅबमध्ये शेजारी शेजारी लावलेल्या दोन नमुन्यांत दिसली, तर तिला अर्थ.

छोट्या लॅबमध्ये मात्र स्लाइडची पद्धत चालते. काचेवरच्या गोलांत ८०, ४०, २०, १०, ५ मायक्रोलिटर सिरम, प्रत्येकात रंगीत अँटीजेनचा एक थेंब, काडीनं मिसळायचं, काच गोल फिरवायची आणि एका मिनिटाला वाचायचं. मिनिट उलटून गेलं की थेंब कडेनं सुकायला लागतो आणि सुकलेल्या कडेचे दाणे गुठळीसारखे दिसतात. संध्याकाळी चाळीस नमुने रांगेत असताना मिनिटाचं मिनिटच राहतं असं नाही. स्लाइड ही चाळणी म्हणून ठीक आहे. तिच्यात काही सापडलं तर ट्यूबवर पडताळायला हवं, आणि नेमकं तेच होत नाही.

रिपोर्टातली विसंगती

फिजिशियननी फाइल पाहताना जिथे बोट ठेवलं ती जागा ही: तापाचा तिसरा दिवस आणि एच १:३२०.

टायफॉइडमध्ये ‘ओ’ अँटीबॉडी साधारण सहाव्या ते आठव्या दिवसाच्या सुमारास दिसू लागतात, ‘एच’ त्याहून उशिरा, दहाव्या ते बाराव्या दिवसाकडे. तिसऱ्या दिवशी खऱ्या टायफॉइडच्या पेशंटची विडाल बऱ्याचदा निगेटिव्ह असते. मग तिसऱ्याच दिवशी एच १:३२० आला कुठून? ताप मोजण्यात चूक झाली असेल तर एक शक्यता, म्हणून मावशींना पुन्हा विचारलं. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटींत पेन्सिलीनं ताप लिहून ठेवले होते आणि त्या कॅलेंडरचं पानच फाडून घेऊन आल्या होत्या. पहिला दिवस पक्का होता. म्हणजे या अँटीबॉडी आत्ताच्या तापाच्या नव्हत्या, आधीपासूनच्या होत्या.

आता अकरावीतल्या मुदतीच्या तापाकडे, म्हणजे टायफॉइडकडे, या. ‘एच’ अँटीबॉडी दीर्घकाळ रेंगाळतात. शिवाय एकदा टायफॉइड होऊन गेलेल्या माणसाला मलेरिया, डेंग्यू किंवा दुसरा कसलाही ताप आला तरी त्या जुन्या अँटीबॉडी पुन्हा उसळी मारू शकतात. वॉर्डात जे वाक्य टायफॉइडच्या बाजूचा पुरावा ठरलं, ते विडालवर विश्वास न ठेवण्याचं कारण होतं.

त्याच कॅलेंडरच्या पानावर आणखी एक गोष्ट होती. पाचव्या दिवसाच्या दुपारी १०३.५, सहाव्याला दिवसभर ९९-१०० आणि रात्री थंडी वाजून १०४, सातव्याला ९९.५, आठव्याला संध्याकाळी पुन्हा १०३. दर सहा तासांनी पॅरासिटामॉल चालू असल्यानं चित्र पुसट झालं होतं, नर्सिंग होमच्या चार्टवर तर काहीच कळत नव्हतं. पण पाचव्या दिवसापासून मधला एकेक दिवस बराच हलका जात होता. टायफॉइडचा ताप पायरीपायरीनं चढतो आणि मग टिकून राहतो, असा येऊन-जाऊन करत नाही.

कोणते पर्याय होते

आठव्या दिवशी संध्याकाळी तीन वाटा होत्या.

पहिली, आहे ते चालू ठेवायचं. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचे जेमतेम तीन दिवस झाले होते, टायफॉइड असता तर एवढ्यात ताप उतरलाच पाहिजे असं नव्हतं. घरच्यांनाही हेच पटत होतं. पण घसरत्या प्लेटलेटकडे डोळेझाक करावी लागली असती.

दुसरी, औषध वाढवायचं. अ‍ॅझिथ्रोमायसिन जोडायचं किंवा आणखी वरचं अँटिबायोटिक आणायचं. औषधांना दाद न देणारा टायफॉइड ही खरी अडचण आहे, त्यामुळे हा विचार अगदीच चुकीचा नव्हता. फक्त तो ‘टायफॉइड आहेच’ या पायावर उभा होता आणि तो पाया एका स्लाइडवरच्या एका आकड्याचा होता.

तिसरी, निदान पुन्हा पहिल्यापासून करायचं. फिजिशियननी ही निवडली. नर्सिंग होमच्या डॉक्टरांचा सवाल रास्त होता: “मलेरिया तर निगेटिव्ह आलाय ना?” आला होता, तिसऱ्या दिवशी, एकदाच. सुरुवातीला रक्तात परजीवी इतके थोडे असू शकतात की स्मिअरमध्ये सापडत नाहीत. एका निगेटिव्ह स्मिअरनं मलेरिया बाद होत नाही, शंका असेल तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा, अशा निदान तीन पाहायच्या असतात. पण विडालनं उत्तर दिल्यासारखं वाटल्यामुळे पुढच्या पाहिल्याच गेल्या नव्हत्या. माझ्या मते चुकीच्या विडालचं मोठं नुकसान हे आहे. उगाच दिलेलं अँटिबायोटिक हा त्यातला लहान भाग.

काय केलं

थंडी भरली असतानाच बोटातून जाड आणि पातळ अशा दोन्ही स्मिअर घेतल्या. ब्लड कल्चरच्या दोन बाटल्या भरल्या, प्रत्येकी आठ ते दहा मिली. मावशींना एवढं रक्त बघून धक्का बसला, त्यांना समजवावं लागलं. अँटिबायोटिकचे पाच दिवस झाल्यावर कल्चरमध्ये जंतू वाढण्याची आशा कमी असते हे ठाऊक होतं, तरी ते केलं. ट्यूब विडालसाठी तिसऱ्या आणि आठव्या दिवसाचं सिरम एकाच रॅकमध्ये लावलं.

उत्तर तासाभरात स्मिअरनं दिलं. जाड स्मिअरमध्ये परजीवी सहज दिसले. पातळ स्मिअरमध्ये फुगलेल्या तांबड्या पेशी आणि त्यांत बारीक शुफनरचे ठिपके. प्लाझ्मोडियम व्हायव्हॅक्स, म्हणजे मलेरियाच. त्याच रात्री क्लोरोक्वीन सुरू झालं.

तेव्हा कुठे कुणीतरी पेशंटला त्याच्या कामाबद्दल नीट विचारलं. अर्धवट बांधलेल्या इमारतीत रोज संध्याकाळी उशिरापर्यंत थांबणं, स्लॅबवर साचवलेलं पाणी, उघड्या टाक्या, आणि सोबतच्या कामगारांपैकी दोघांना त्याच महिन्यात मलेरिया. शहरी मलेरिया पसरवणारा अ‍ॅनाफिलिस स्टेफेन्सी डास अशाच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. पहिल्याच दिवशी हे विचारायला दोन मिनिटं लागली असती.

ट्यूब विडाल दुसऱ्या दिवशी सकाळी वाचली. तिसऱ्या दिवसाचं सिरम: ओ १:१६०, एच १:१६०. आठव्या दिवसाचं: ओ १:१६०, एच १:१६०. पहिल्या लॅबनं स्लाइडवर ज्याला १:३२० म्हटलं होतं तेच सिरम ट्यूबवर एक नळी खाली आलं. ती काही घोडचूक नव्हे, तेवढा फरक पडतोच. मुद्दा असा की दोन नमुन्यांत वाढ शून्य होती.

सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन थांबवायचं का?

यावर बराच खल झाला. मलेरिया सापडला म्हणजे टायफॉइड नाही असं सिद्ध होत नाही, दोन्ही एकत्र असू शकतात. कल्चर निगेटिव्ह येण्याला अँटिबायोटिकचं कारण होतंच. टायटर वाढला नाही हे खरं, पण दोन नमुन्यांत पाचच दिवसांचं अंतर होतं, सात ते दहा दिवस तरी हवं. आणि लवकर सुरू केलेलं अँटिबायोटिक अँटीबॉडीची वाढही दाबू शकतं.

नवव्या दिवशी शेवटचा मोठा ताप आला, दहाव्या दिवशी ताप नव्हता. क्लोरोक्वीनला दीड-दोन दिवस झाले होते. पण काटेकोर बोलायचं तर तो अँटिबायोटिकचाही सातवा-आठवा दिवस होता. ताप कशानं उतरला हे फक्त तारखांवरून सांगता आलं नसतं. फिजिशियननी मधला मार्ग काढला: कल्चर पाच दिवस निगेटिव्ह राहीपर्यंत सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन द्यायचं, मग बंद करायचं आणि तीन आठवड्यांच्या सुमारास विडालचा तिसरा नमुना घ्यायचा. मला स्वतःला ते आधीच बंद केलं असतं तरी चाललं असतं. पण मी लॅबमध्ये बसते, पेशंटच्या उशाशी नाही.

निष्पत्ती

कल्चर निगेटिव्ह राहिलं. प्लेटलेट आठवड्याभरात दीड लाखावर गेल्या. तांबड्या पेशींतलं जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम ठीक असल्याची खात्री करून १४ दिवसांचं प्रायमाक्वीन दिलं, कारण व्हायव्हॅक्स यकृतात दडून राहतो आणि नुसत्या क्लोरोक्वीननं महिन्या-दोन महिन्यांनी उलटू शकतो. टायफॉइडच्या नावाखाली अर्धवट सुटलेल्या मलेरियात हा डोस हमखास राहतो. महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवलं.

चोविसाव्या दिवशी तिसरा नमुना आला. आधीच्या दोघांचं उरलेलं सिरम गोठवून ठेवलं होतं, तिन्ही एकत्र लावले. तिसऱ्यात ओ १:८०, एच १:१६०. म्हणजे तीन आठवड्यांत कुठेच चौपट चढ नाही. ताप असताना जो आकडा ‘पॉझिटिव्ह’ ठरला, जवळपास तोच आकडा ठणठणीत बरा झाल्यावरही होता. या तरुणाचं ते नेहमीचंच टायटर.

आमच्या भागात हे का होतं

जिथे टायफॉइड कायम असतो तिथे निरोगी माणसांच्या रक्तातही थोड्याफार अँटीबॉडी असतात. म्हणून ‘इतक्याच्या वर पॉझिटिव्ह’ ही रेषा त्या त्या भागातल्या निरोगी लोकांचे टायटर पाहून ठरवायची असते. आपल्याकडे बहुतेक रिपोर्टांवर किटच्या पत्रकातली १:८० किंवा १:१६० ची रेषा छापलेली असते, स्थानिक रेषा क्वचितच कुणी काढलेली असते. टायफॉइडच्या जंतूचे काही ‘ओ’ घटक इतर साल्मोनेलांमध्येही असतात, त्यानंही टायटर वर जातो.

एक हिशोब करून पाहू, आकडे केवळ उदाहरणादाखल. पावसाळ्यात तापाचे १०० पेशंट आले, त्यांत खरे टायफॉइडचे ५. विडालनं त्यातले ४ पकडले. उरलेल्या ९५ मध्ये शंभरी १५ लोकांचं टायटर मुळातच रेषेच्या वर असेल, तर ते झाले १४. एकूण १८ रिपोर्ट पॉझिटिव्ह, त्यांत खरे ४. मलेरिया-डेंग्यू भरात असताना सगळ्यांना सरसकट विडाल लावली की हे प्रमाण आणखी बिघडतं.

शिवाय त्या १४ मधले बरेच जण विषाणूजन्य तापाचे असतात. पाचव्या दिवशी ताप आपोआप उतरतो आणि श्रेय अँटिबायोटिकला व विडालला जातं. तपासणी चुकली हे कुणाला कळतच नाही. या तरुणाचा ताप आपोआप उतरणारा नव्हता, म्हणून चूक उघडी पडली.

लसीबद्दल हमखास विचारलं जातं, कारण शेजारच्या नवी मुंबई महापालिकेनं २०१८ मध्ये मुलांना टायफॉइडची कॉन्ज्युगेट लस देण्याची मोहीम केली होती. ती लस जंतूच्या ‘व्हीआय’ आवरणाविरुद्ध असते आणि विडालमध्ये ओ आणि एच पाहतात. त्यामुळे अशा मुलाचा टायटर जास्त आला तर ‘लसीमुळे असेल’ म्हणून तो सोडून देऊ नये. जुनी, अख्ख्या मृत जंतूंची टीएबी लस मात्र ‘एच’ वर्षानुवर्षं चढवून ठेवायची.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी, तिसऱ्या दिवशी विडाल लावायलाच नको होती. त्या दिवशी टायफॉइडची शंका असेल तर पहिल्या अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर हवं होतं. पहिल्या आठवड्यात तेच सर्वांत कामाचं. ते महाग पडतं, निकालाला दोन-तीन दिवस लागतात आणि सगळे पेशंट त्यात पकडले जात नाहीत, हे सगळं खरं. पण जंतू वाढला तर शंका उरत नाही आणि कोणतं औषध चालेल तेही कळतं. अँटिबायोटिक सुरू झाल्यावर ती संधी जाते, आठव्या दिवशी आम्ही बाटल्या भरल्या त्या बऱ्याच अंशी समाधानापुरत्याच.

दुसरं, चौथ्या आणि पाचव्या दिवशी मलेरियाची स्मिअर परत घ्यायला हवी होती, विडाल काहीही म्हणो.

लॅबच्या बाजूनं आम्ही दोन बदल केले. विडालच्या फॉर्मवर ‘तापाचा कितवा दिवस’ आणि ‘पूर्वी टायफॉइड झाला होता का’ हे भरल्याशिवाय नमुना घेत नाही. आणि रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द छापत नाही: फक्त टायटर, पद्धत, तापाचा दिवस आणि आठ-दहा दिवसांनी दुसऱ्या नमुन्याची सूचना. यावर काही डॉक्टर कुरकुरले. एकांनी फोन करून सरळ विचारलं, “मॅडम, आहे की नाही ते सांगा ना.” मी म्हटलं, दुसरा नमुना पाठवा, मग सांगते. त्यांनी पाठवला नाही.

या तरुणाच्या डिस्चार्ज कार्डावर फिजिशियननी ‘व्हायव्हॅक्स मलेरिया’ लिहिलं, पण नर्सिंग होमच्या संगणकातलं दाखल होतानाचं निदान कुणी बदललं नाही आणि विम्याच्या कागदांवर ‘एंटेरिक फीव्हर’ तसंच गेलं. तिसऱ्या नमुन्याला आला तेव्हा आम्ही त्याला तिन्ही टायटरचा तक्ता छापून दिला आणि सांगितलं, पुढच्या वेळी ताप आला आणि कुणी विडाल लावली, तर आधी हा कागद दाखव.